सही कागदावर घ्या

नांदेड-लातूरहून कॅमेऱ्याच्या बॅगांसकट आलेले माझे सगळे व्यवसायबंधू-भगिनी,

अध्यक्षपद दिलंत, आभार मानतो. संयोजकांनी जेवणाची वेळ पाळली, त्यांचे जास्त आभार. अध्यक्षानं आपल्या धंद्याचा वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. दर, जीएसटी, ड्रोनचे परवाने असं सगळं मी लिहूनही आणलं आहे. ते स्मरणिकेत छापून येईल. आज मला कॉलेजच्या फिल्मबद्दल बोलायचं आहे. हे बोलणं बरीच वर्षं पोटात राहिलं आहे.

सकाळच्या सत्रात तुमचा वाद झाला, की ॲडव्हान्स निम्मा घ्यावा की तीन हप्ते करावेत. मी दोन्ही करून पाहिलं. दोन्ही वेळा बुडालो, कारण आपण पैशानं बुडत नाही, मंजुरीनं बुडतो. लग्नाच्या फिल्मला मंजुरी देणारं एक घर असतं. कॉलेजच्या फिल्मला प्राचार्य असतात, सचिव साहेब असतात, सचिवांचे अमेरिकेतले चिरंजीव असतात, आणि सगळ्यात शेवटी, चहा संपता संपता, कोणाला तरी आठवतं, "अरे, पोरांना दाखवलं का?"

2016 चा उन्हाळा आठवा. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. त्याच महिन्यात मी लातुरातल्या एका कॉलेजची चार मिनिटांची फिल्म करत होतो. बारावीचा निकाल लागला की प्रवेश सुरू होतात, त्याआधी फिल्म हवी होती. फिल्मची आठवण संस्थेला मार्चअखेर झाली. परीक्षा चालू, मैदान धुळीचं, झाडं खराटा झालेली. प्रवेशद्वारासमोर एक कारंजं होतं, वर्षभर कोरडं. साहेब म्हणाले, "ते चालू करू." टँकर आला, कारंजं वीस मिनिटं उडालं. संध्याकाळचं ऊन मागून आलं आणि मला अकरा सेकंदांचा असा शॉट मिळाला की काय सांगू. मी संगीताचा सगळा चढ त्यावर नेऊन ठेवला. पुण्याच्या कलाकाराच्या आवाजातलं 'निसर्गरम्य परिसर'ही त्यावरच बसवलं.

फिल्म पूर्ण झाली. सभागृहात सगळ्यांनी पाहिली, टाळ्या झाल्या. मग दोन विद्यार्थी प्रतिनिधींना आत बोलावलं. यूआर मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. तिनं शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "सर, ते कारंजं काढा. आम्हाला आंघोळीला दोन दिवसांआड एक बादली मिळते. ही फिल्म आमच्या गावाकडं आईबापानं पाहिली तर मला विचारतील, तू खोटं सांगत होतीस का?"

कोणीच काही बोललं नाही. मला तिचा राग आला, तुमच्यापासून लपवत नाही. पण ती बरोबर होती आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. आता अकरा सेकंद काढायचे म्हणजे काय, हे या सभागृहाला वेगळं सांगायला नको. शॉट गेला की त्यावरचं वाक्य गेलं. वाक्य गेलं की कलाकाराला पुन्हा बोलवा. संगीताचा चढ हवेत लटकला, म्हणून पुढचा सगळा भाग नव्यानं कापा. सहा दिवस गेले आणि त्या सहा दिवसांचा एक रुपया मिळाला नाही. हेच कारंजं तिनं फेब्रुवारीत कागदावर पाहिलं असतं, तर पेनची एक रेघ लागली असती.

त्या जागी काय घ्यायचं हेही तिनंच सांगितलं. तिला ड्रम वाहणारी मुलं दाखवायची होती, संस्थेला ते मान्य होणं शक्यच नव्हतं. शेवटी गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणारा पाइप ठरला. दिसायला अगदी सामान्य शॉट. पण जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर पालकांचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. नांदेड-परभणीकडून मुलगी पाठवणारा बाप कारंजं बघत नाही. तो काय विचारतो, हे मुलांना ठाऊक असतं, कारण वर्षभर फोनवर त्यांनाच ते विचारलं जातं.

म्हणून माझी पद्धत ऐका. शूटिंगच्या आधी दोन रकान्यांचा कागद करा. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार, प्रत्येक ओळीला क्रमांक आणि सेकंद. निवेदन सेकंदाला साधारण दोन शब्दांनी चालतं. चार मिनिटांत तिसरा हिस्सा घंटेला, मुलांच्या गलक्याला, मोकळ्या संगीताला सोडला तर हातात सव्वातीनशे शब्द उरतात. सचिव साहेब नऊशे शब्दांचं मनोगत घेऊन येतात, तेव्हा वाद घालू नका. घड्याळ लावून त्यांनाच वाचायला सांगा.

हा कागद आधी विद्यार्थ्यांकडे आणि मग संस्थेकडे गेला पाहिजे. क्रम उलटा झाला तर साहेबांची सही पाहून पोरं गप्प बसतात. आणि कागद वाचला गेला की नाही हे कसं ओळखायचं? 'छान', 'ओके', अंगठा, यातलं काहीही मंजुरी नव्हे. मी संस्थेच्या स्थापनेच्या सालाची जागा मुद्दाम रिकामी ठेवतो. साल भरून आलं तर कागद वाचला, नाही तर परत पाठवतो. एकदा तीन सह्या आल्या आणि साल रिकामंच होतं!

इथं कोणी म्हणेल, पोरांच्या हातात सगळं द्यायचं का? नाही. नांदेडला एकदा तेही केलं. प्रतिनिधींनी चाळीस मित्रांची यादी आणि गॅदरिंगचा डीजे आणला, फिल्मचं लग्नाचं रील झालं. तेव्हापासून मुलांना मी दोनच प्रश्न विचारतो: यात खोटं काय आहे, आणि कोणाचा चेहरा दाखवू नये? दुसरा प्रश्न हलका समजू नका. आपल्याकडे एकाच आवारात अकरावी-बारावीचीही मुलं असतात. ती अठराच्या आतली असतात, त्यांच्यासाठी पालकांची लेखी संमती हवी. संस्थेला विचारायचं ते नावं, पदं, अभ्यासक्रम, आकडे. रंग, संगीत, कापाकापी आपली.

आणि या दोघांना एकत्र गाठायचं कुठं, म्हणून तुम्ही दारोदार फिरता. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचं कलम 97 काढून वाचा. महाविद्यालय विकास समिती. अध्यक्षस्थानी व्यवस्थापनाचा प्रमुख किंवा त्याचा प्रतिनिधी, सचिव आहेत, प्राचार्य सदस्य-सचिव आहेत, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही सदस्य आहेत. वर्षातून किमान चार बैठका. म्हणजे चहा संपताना आत बोलावलेली पोरं आता त्याच टेबलाशी बसलेली असतात, निदान कायद्यात तरी. काही ठिकाणी परिषदच कागदावर असते, तिथं वर्गप्रतिनिधी गाठा. हिवाळ्यातल्या बैठकीत आपला कागद विषयपत्रिकेवर लावून घ्या. मग जानेवारी-फेब्रुवारीत शूटिंग होतं, आवार हिरवं असतं, मुलं असतात, स्नेहसंमेलन आयतं मिळतं. संस्थेच्या वतीनं सही एकाचीच घ्या आणि त्याच कागदावर लिहा: रफ कटनंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीचे पैसे वेगळे.

या कागदाचा नमुना आज सगळ्यांना वाटायचा होता. तो छापखान्यात राहिला. कार्यकारिणी बसेल, दिवाळीनंतर बघू. दरपत्रकाची समितीही तेव्हाच नेमू म्हणतात.

ते अकरा सेकंद अजून माझ्या हार्डडिस्कवर आहेत. कधी तरी रात्री लावून बघतो. शॉट मात्र फार सुंदर लागला होता हो.