महाड की महड? पार्सलाच्या लेबलाविषयी थोडं

रायगड जिल्ह्यात रोमन लिपीत Mahad असं लिहिली जाणारी दोन गावं आहेत. एक आपलं महाड, सावित्रीकाठचं, चवदार तळ्याचं. दुसरं खालापूर तालुक्यातलं महड, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. मराठीत मधला काना दोघांना वेगळं ठेवतो. पण पार्सलांवरची नावं बहुतेक इंग्रजीत छापली जातात आणि तिथे हा काना नाहीसा होतो. राज्य एक, जिल्हा एक, स्पेलिंगही एक. दोन गावांत अंतर मात्र शंभरेक किलोमीटरचं.

अशा सारख्या नावांचा घोळ मिटावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. त्याची योजना केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी. महाडचा पिन ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. खालापूर-खोपोलीकडचे पिन ४१० पासून सुरू होतात. म्हणजे दुसऱ्याच आकड्याला वाटा वेगळ्या होतात. शिवाय पार्सलांची छाटणी करणारा माणूस आधी गावाचं नाव वाचत नाही, पिन वाचतो.

आता समजा, पुण्याहून कुणी पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर शिलाई मशीनचा सुटा भाग पाठवतो आहे. लेबलावर आधी घेणाऱ्याचं पूर्ण नाव, मग वाडी, गाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा हवा. त्याखाली वेगळ्या ओळीत, ठळक आणि मोठ्या आकड्यांत पिन. नुसतं ‘वरची वाडी, पोलादपूर’ लिहिलं, तर पार्सल पोलादपूरला पोहोचेल, पण पुढे कुठे न्यायचं हे कळणार नाही.

तिथून पुढचं काम फोन नंबरचं. आपल्याकडे घरांना क्रमांक नसतात, वाड्या डोंगरात विखुरलेल्या. पार्सल आणणारा फोन करूनच वाट विचारतो. खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी रेंज जाते, म्हणून शेजाऱ्याचा किंवा बाजारपेठेतल्या दुकानाचा दुसरा नंबरही द्यावा, अर्थात त्यांना विचारून. दहा आकडे सलग न छापता पाच-पाचचे दोन गट करावेत, म्हणजे वाचताना आकडा निसटत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि नंबर लहान अक्षरांत, वेगळ्या चौकटीत आणि ‘प्रेषक’ असं लिहून छापावा. दोन पत्ते सारख्याच आकारात शेजारी छापले, तर पार्सल पाठवणाऱ्याकडेच परत जाऊ शकतं.

आता बारकोड. स्पीड पोस्टच्या क्रमांकात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी IN असतं. त्या नऊतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशोबाने काढलेला असतो. टाइप करताना एक आकडा चुकला, तर बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि संगणक चूक पकडतो. पिन आणि फोन नंबरला असा राखणदार आकडा नाही. तिथली चूक यंत्राला सहसा दिसत नाही, म्हणून ते दोन आकडे छापण्याआधी मोठ्याने वाचून मूळ कागदाशी पडताळावेत.

बारकोड वाचला जातो तो काळ्या रेघा आणि मधल्या पांढऱ्या जागा यांच्या रुंदीवरून. लेबल पानात बसवायला लहान केलं, तर बारीक रेघा एकमेकींना चिकटतात. म्हणून छपाईचं माप शंभर टक्केच ठेवावं. रेघांच्या डाव्या-उजव्या बाजूला कोरी जागा सोडावी. तिथे शिक्का किंवा मजकूर आला, की यंत्राला सुरुवात सापडत नाही. लेबल खोक्याच्या सपाट बाजूवर चिकटवावं, कडेवर किंवा जोडावर नाही. घरात असलेलं जुनं खोकं वापरत असाल, तर त्यावरचं आधीचं लेबल काढून टाका. दोन बारकोड दिसले, की यंत्र जुनाच वाचू शकतं आणि पार्सल भलत्याच नोंदीवर चढतं.

राहिला आपला पाऊस. इंकजेटची शाई ओली झाली की पसरते. असं लेबल पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालावं. थर्मल कागदावर शाईच नसते, पण तो उन्हाने, उष्णतेने काळा पडतो आणि त्यावर चिकटपट्टी लावली तर काही दिवसांत छपाई फिकी होऊ शकते. त्याच्या फक्त कडांना पट्टी लावावी. बारकोडवर चकचकीत पट्टी नकोच, तिच्यावरचा प्रकाश यंत्राला अडवतो.

पार्सल देण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचून पाहा आणि स्क्रीनवर आलेला क्रमांक खाली छापलेल्याशी जुळवा. मोबाइलला वाचता आला नाही, तर लेबल पुन्हा छापा. वाचता आला, तरी पिन आणि फोन नंबर एकदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, कारण त्या दोन आकड्यांना आपल्याशिवाय दुसरा राखणदार नाही.