‘दहाचं भोक’ म्हणजे किती?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



नोकरीची सगळी वर्षं मी टूलरूममध्ये काढली. आता शिकाऊ मुलांना शिकवतो. आपल्यासारखीच मराठी शाळेतून आलेली ही मुलं दिवसाचा अर्धा वेळ संगणकावर कॅड शिकतात आणि उरलेला अर्धा वेळ मशीनवर असतात. संगणकाचा मेनू इंग्रजी, तर शॉपवरचे मिस्त्री वेगळंच बोलतात. म्हणून आम्ही वहीत शब्दांचा एक कोश करतो. त्यातला एकच शब्द आज सांगतो : भोक.

मिस्त्री म्हणतात, “या प्लेटला दहाची चार भोकं पाड.” हे ‘दहाचं’ म्हणजे नक्की किती? त्याची तीन उत्तरं आहेत.

पिन घट्ट बसवायची असेल, तर खरंच दहा मिलिमीटर, तेही रीमर फिरवून. दहाचा बोल्ट नुसता आरपार जायचा असेल, तर अकरा. आणि बोल्ट त्याच प्लेटमध्ये आवळायचा असेल, म्हणजे आटे पाडायचे असतील, तर साडेआठ! हा हिशेब सोपा आहे. M10 च्या नेहमीच्या बोल्टचे आटे दीड मिलिमीटर अंतरावर असतात. दहातून दीड वजा केला की साडेआठ. तेवढ्या ड्रिलनं भोक पाडलं की टॅपला आटे कापायला धातू उरतो.

सॉलिडवर्क्समध्ये Hole Wizard उघडलं की हीच निवड करावी लागते. आट्यांसाठी Straight Tap, आणि आरपार बोल्टसाठी Hole घेऊन त्यात Screw Clearances. तिथे Normal निवडलं की M10 ला अकराचं भोक मिळतं. मिस्त्रींच्या तोंडी मात्र दोन्हीला ‘दहाचं’च.

एका मुलाचं काय झालं ते सांगतो. वीस मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर चार M10 आटे हवे होते. त्यानं कॅडमध्ये दहा व्यासाची चार साधी वर्तुळं काढली. ड्रॉइंग शॉपवर गेलं, ड्रिलिंगवाल्यानं दहाचं ड्रिल मारलं. टॅप लावला तर तो हातानंच खाली उतरला, चुरा पडेना. टॅपला जोर लागत नाही आणि चुरा येत नाही, म्हणजे कापायला धातूच उरलेला नाही. चारही भोकं वाया. आम्ही दोन मार्गांचा विचार केला : भोकं मोठी करून बाराचे आटे पाडायचे, किंवा प्लेट बदलायची. जोडणीचे बोल्ट दहाचेच होते, म्हणून प्लेट बदलली.

ड्रॉइंगवर ही खूण कशी ओळखायची? आट्याचं भोक समोरून पाहिलं की दोन वर्तुळं दिसतात. आतलं पूर्ण आणि ठळक असतं, ते ड्रिलचं. बाहेरचं बारीक रेघेचं आणि पाऊण असतं, ते आट्याचं. एकच पूर्ण वर्तुळ असेल तर भोक साधं. हेच ड्रॉइंग लेझर कटिंगला पाठवताना ते पाऊण वर्तुळ काढून टाकायचं असतं, कारण मशीनला रेघेचा अर्थ कळत नाही. दिसेल ती रेघ ते कापतं.

दुसरी गल्लत ‘काउंटर’ची. मिस्त्री म्हणतात, “वरून काउंटर मार.” मेनूत मात्र Counterbore आणि Countersink असे दोन पर्याय. पहिल्यात भोकाच्या तोंडाशी सपाट तळाचा खड्डा होतो, ॲलन बोल्टचं गोल डोकं त्यात बुडतं. दुसऱ्यात फनेलसारखा उतार होतो, त्यात चपट्या माथ्याचा सीएसके स्क्रू बसतो. ॲलन बोल्टला उताराचा खड्डा दिला, तर डोक्याची फक्त कड टेकते, बोल्ट नीट आवळला जात नाही. म्हणून मुलानं ‘काउंटर’ ऐकलं की एकच विचारायचं : “मिस्त्री, ॲलन बसणार की सीएसके?”

यातून आमच्या वहीची रचना ठरली. पहिल्या रकान्यात मेनूतला शब्द, दुसऱ्यात शॉपवरचा शब्द, आणि तिसऱ्यात विचारायचा प्रश्न. भोकासमोर लिहिलं आहे : “यात काय बसणार? पिन, आरपार बोल्ट, की आटे?” नुसता प्रतिशब्द पाठ करून भागत नाही, कारण शॉपवर एका शब्दाला मेनूतले तीन शब्द असतात. त्यातला कोणता, हे बसणारी वस्तू ठरवते.

मिस्त्रींना प्रश्न विचारला तर आपलं अज्ञान दिसेल, अशी मुलांना भीती असते. पण अनुभवी मिस्त्री अशा प्रश्नावर रागावत नाहीत. ड्रिल लावण्याआधी विचारलं तर अर्धा मिनिट जातो. नंतर विचारलं तर प्लेट जाते.