पहाटे पाचपासून उलटं मोजत

(नायगाव येथील महिला व पालक मेळाव्यातील भाषण)



आज इथे माता-भगिनी जास्त आहेत. घरात सगळ्यांत शेवटी कोण झोपतं आणि सगळ्यांत आधी कोण उठतं, हे विचारायची गरज नाही. म्हणून हिशेब त्या बाईचाच मांडू.

समजा, ती पाचला उठते. फजरची नमाज, मग चहा, डबे, मुलांची तयारी. नायगावात जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत पावणेसातच्या पुढे. म्हणजे पाच ही वेळ बाराही महिने चालते, आणि तीच आपली खुंटी. शरीराचं घड्याळ रोज एकाच वेळी उठण्यावर आणि सकाळच्या उजेडावर लागतं. रविवारी आठपर्यंत लोळलं की रविवारी रात्री झोप येत नाही, आणि सोमवार जड जातो.

आता पाचपासून मागे या. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते, म्हणजे दहाला डोळा लागलेला हवा. पडल्या पडल्या कुणी झोपत नाही, पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणून पाठ टेकायची 9:40 ला. त्याआधी पाऊण तास शरीर आणि डोकं निवायला द्यायचं. म्हणजे नऊच्या आत स्वयंपाकघर बंद. भांडी-ओटा अर्धा-पाऊण तासाचं काम, म्हणून जेवणं आठ-सव्वाआठला आटोपलेली हवीत.

घोडं इथेच अडतं. दुकान नऊला बंद होतं, घरधनी साडेनऊला येतात, मग गरम भाकरी, मग भांडी. साडेअकरा कधी वाजले कळत नाही. पाचपर्यंत उरले साडेपाच तास. यात त्या बाईला ‘लवकर झोपत जा’ सांगून काय उपयोग? तिची झोप तिच्या हातात नाही, जेवणाच्या वेळेत अडकली आहे. माझ्या मते आधी हलवायचं ते हेच. बाई-मुलं साडेसातला जेवतील, उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवलं जाईल, आणि ते ताट तो स्वतः घासेल. भाऊलोक हसताहेत, पण हिशेबात दुसरी जागा मला सापडली नाही. घासायला पाच मिनिटं लागतात.

इशाची वेळ मात्र ऋतूप्रमाणे सरकते. डिसेंबरात ती सातनंतर सुरू होते, जूनमध्ये सव्वाआठनंतर. हिवाळ्यात इशा आधी, मग जेवण जमतं. उन्हाळ्यात आधी जेवून घ्यावं. इशानंतर गप्पांत बसणं पैगंबरांना आवडत नसे, हे हदीसमध्ये आलेलं तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या पाऊण तासात फार काही करायचं नाही. मोठा दिवा बंद, उद्याचे कपडे-दप्तर काढून ठेवणं, हातपाय धुणं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ. उजेडाइतकाच त्रास त्यातल्या मजकुराचा असतो. भावकीच्या ग्रुपवर एक वाद वाचला की तासाभराची झोप गेली. चहाचंही तसंच. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही अंगात असतो. शेवटचा कप चारच्या आत घ्यावा.

दहावी-बारावीच्या मुलांना 8 ते 10 तास लागतात. मुलगी सहाला उठत असेल तर साडेनऊच्या सुमारास तिला झोप लागलेली हवी. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. पण सकाळी मिळालेला तास रात्री टीव्हीसमोर गेला, तर पोराच्या पदरात काय पडलं?

साडेअकरावरून एकदम 9:40 वर येऊ नका, नुसतं तळमळत पडाल. उठणं पाचलाच ठेवा आणि झोपणं दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. वीस-पंचवीस दिवसांत जमतं. रोज अर्ध्या तासाहून जास्त जागं पडून राहत असाल तर तुम्ही फार लवकर पडताय, थोडं पुढे सरका. उशीवर डोकं टेकताच झोप लागते आणि गजर दोनदा बंद करावा लागतो, तर झोप अजून कमी पडतेय.

मे महिन्यात पत्र्याखाली हे गणित बिघडतं, कारण रात्री अकरापर्यंत घर तापलेलंच असतं. तेव्हा झोपणं उशिरा होऊ द्या, उठणं तेच ठेवा, आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांचा कैलुला घ्या. तासभर झोपलात तर रात्रीची झोप पळते. रमजानमध्ये तरावीह आणि सहेरीमुळे झोपेचे दोन तुकडे होतात. तिथे सहेरीची वेळ खुंटी धरून पुन्हा उलटं मोजायचं आणि उरलेली झोप दुपारी भरून काढायची.

एवढं करूनही आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर वेळापत्रकात दुरुस्ती करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि जाताना झोपेच्या गोळ्या मागू नका. पंधरा दिवस किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, ते वहीत लिहून ती वही सोबत न्या.