एक फोटो, दोन माणसं

2018 मध्ये जर्मनीत ‘पेंग’ या कलाकारगटाने एक प्रयोग केला. गटातल्या एका बाईचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्रप्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि तो फोटो अर्जाला लावला. पासपोर्ट मिळाला!

धोका इथेच आहे. यंत्र दोन चेहरे किती जुळतात ते मोजतं आणि एक मर्यादा ओलांडली की ‘तोच माणूस’ म्हणतं. मिसळलेला चेहरा दोघांशीही जुळू शकतो. म्हणजे एका पासपोर्टवर दोघं फिरू शकतात.

आपल्याकडे पासपोर्ट कायदा 1967, कलम 12 नुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 336 सात वर्षांपर्यंत नेतं. तो दुसऱ्याने बनवला आणि आपण जाणूनबुजून वापरला, तरी कलम 340 लागतं.

‘गंमत म्हणून ॲप वापरलं’ म्हणाल, तर हेतू सिद्ध न झाल्यास कैद टळेलही. पण चुकीच्या माहितीवर मिळालेला पासपोर्ट कलम 10 खाली रद्द होऊ शकतो. म्हणून अर्जाला फिल्टरशिवाय काढलेला, स्वतःचाच फोटो लावा.