नवा प्रेक्षक, जुना प्रेक्षक : वाहिनीचा हजेरीपट कसा वाचावा

(कृषी विस्तार कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

शेतकऱ्यांना माहिती देण्यासाठी यूट्यूबवर वाहिनी चालविणाऱ्या संस्था आज गावोगावी आढळतात. महिनाअखेर अहवाल लिहिताना त्यांच्यापुढे दोन आकडे येतात. वाहिनीच्या आकडेवारीत Audience या विभागाखाली ते दिसतात. एक New viewers, म्हणजे नवे प्रेक्षक आणि दुसरा Returning viewers, म्हणजे परतून आलेले प्रेक्षक. या दोन आकड्यांवरून मोठमोठे निर्णय घेतले जातात. नवे फार आणि परतलेले थोडे असे दिसले की, “लोक एकदा पाहतात आणि पुन्हा फिरकत नाहीत” असा शेरा पडतो आणि कार्यक्रमावरील खर्च थांबविण्याची सूचना येते. तो शेरा मारण्यापूर्वी हे आकडे कसे तयार होतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नवा कोणास म्हणावे ?

ग्रामपंचायतीच्या सभेत हजेरीपटावर सही घेतली जाते. माणूस समोर असतो, त्याचे नाव ठाऊक असते. वाहिनीच्या हजेरीपटावर मात्र माणूस नसतो. असते ती त्याच्या पाहण्याची नोंद. ही नोंद त्याच्या खात्याशी किंवा ज्या उपकरणावर त्याने चित्रफीत पाहिली त्याच्याशी जोडलेली असते. निवडलेल्या मुदतीत ज्याने ही वाहिनी प्रथमच पाहिली असे नोंदीवरून दिसते, तो नवा. ज्याची पूर्वीची नोंद सापडते, तो परतलेला.

याचा अर्थ असा की, पूर्वीची नोंद सापडली नाही तर जुना माणूसही नवाच ठरतो. असे तीन प्रसंग यूट्यूबने स्वतःच सांगितले आहेत. प्रेक्षकाने आपला पाहण्याचा इतिहास पुसून टाकला असेल, त्याने खाजगी खिडकीतून चित्रफीत पाहिली असेल, अथवा एक वर्षाहून अधिक काळ त्याने ती वाहिनी पाहिली नसेल, तर त्याची गणना नव्यांत होते. पहिले दोन प्रसंग कोणत्याही वाहिनीला लागू आहेत. तिसरा मात्र शेतीविषयक वाहिनीला विशेष जाचक ठरतो.

बागेचे वर्ष आणि पंचांगाचे वर्ष

नाशिक भागातील द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. माल निघाल्यानंतर साधारण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीची माहिती शेतकरी छाटणीच्या तोंडावरच पाहतो. माल उशिरा उतरला की, खरड छाटणीही पुढे जाते. एका वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटणीची चित्रफीत पाहणारा बागाईतदार पुढच्या वर्षी ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतो. मध्ये त्याने वाहिनी पाहिली नसेल, तर एक वर्षावर काही दिवस गेलेले असतात. तेवढ्याने तो पुन्हा नवा ठरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावातील दहा द्राक्ष बागाईतदारांनी एप्रिल २०२५ मध्ये वाहिनी पाहिली. त्यांपैकी तिघांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये फळछाटणीची चित्रफीत आपापल्या फोनवर पाहिली होती. ते तिघे परतलेले धरले गेले व ते योग्यच झाले. दोघांनी २ एप्रिल २०२४ रोजी वाहिनी पाहिली होती आणि त्यानंतर थेट १८ एप्रिल २०२५ रोजी. ते नवे ठरले. एकाने आपला इतिहास पुसला होता आणि एकाने खाजगी खिडकी उघडली होती. दोघेही वाहिनीचे जुने प्रेक्षक, पण तेही नव्यांत गेले. दोघे खरोखरच प्रथम आले. दहावा बागाईतदारही प्रथमच आला होता. परंतु त्याने शेजाऱ्याच्या फोनवर, शेजाऱ्याच्याच खात्यातून चित्रफीत पाहिली. शेजाऱ्याची जुनी नोंद तेथे असल्याने त्याची गणना परतलेल्यांत झाली. एका उपकरणामागे अनेक माणसे असू शकतात, हे लक्षात घेऊन यूट्यूब प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधते. पण तो अंदाजच असतो.

बेरीज केली तर अहवालात नवे सहा व परतलेले चार असे दिसेल. वस्तुस्थिती अशी की, सात जुने होते आणि नवे अवघे तीन. ज्या वाहिनीला गावाने धरून ठेवले आहे, तिच्यावर “लोक परतत नाहीत” असा ठपका येईल.

नियमित कोण ?

२०२५ पासून परतलेल्या प्रेक्षकांचे दोन भाग करून दाखविले जाऊ लागले. गेल्या वर्षातील एक ते पाच महिन्यांत ज्याने वाहिनी पाहिली तो प्रासंगिक आणि सहा किंवा अधिक महिन्यांत पाहिली तो नियमित. पडद्यावर Casual आणि Regular अशी त्यांची नावे येतात. रोजच्या करमणुकीच्या वाहिनीला ही विभागणी शोभते. परंतु पाच वर्षे न चुकता दोन्ही छाटण्यांच्या वेळी येणारा बागाईतदार वर्षातून दोनच महिन्यांत दिसतो. म्हणून तो कायम प्रासंगिकच राहतो. त्याची निष्ठा कमी नाही. त्याच्या कामाला वर्षातून दोनच हंगाम आहेत.

चूक कशी ओळखावी ?

पहिली खूण शोधशब्दांची आहे. प्रेक्षक कोठून आले, हे सांगणाऱ्या विभागात यूट्यूबच्या शोधात त्यांनी कोणते शब्द लिहिले, याची यादी मिळते. त्या यादीत “खरड छाटणी” असे शब्द असतील, तर ते कोणाचेही असू शकतात. पण वाहिनीचे नावच लिहून आलेल्यांची संख्या मोठी असेल आणि त्याच महिन्यात नव्यांचा आकडाही फुगलेला असेल, तर त्या नव्यांत जुने बरेच आहेत असे समजावे. ज्याने नाव लिहिले, त्याला वाहिनी आधीपासून ठाऊक होती.

दुसरी खूण तुलनेची. एप्रिलची तुलना मार्चशी न करता मागील वर्षाच्या छाटणीच्या हंगामाशी करावी आणि तीही तारखेने नव्हे, तर त्या वर्षी छाटणी केव्हा सुरू झाली ते पाहून. त्याचबरोबर रोजचे आकडे जोडून महिन्याची संख्या काढण्याचा मोह टाळावा. सोमवारी प्रथम आलेला माणूस सोमवारी नवा असतो, मंगळवारी परतलेला आणि बुधवारी पुन्हा परतलेला. तीन दिवसांची बेरीज तीन होते. माणूस एकच असतो. महिन्याची संख्या हवी असेल, तर संपूर्ण महिना ही मुदत निवडूनच ती पाहावी.

आणि एक हजेरी अशी आहे की जी या पटावर कधीच उमटत नाही. पंचायतीच्या सभागृहातील दूरदर्शन संचावर तीस शेतकऱ्यांनी एकत्र बसून चित्रफीत पाहिली, तर नोंद एकाच खात्याची होते. तेथे कार्यकर्त्याची वहीच उपयोगी पडते. किती जण बसले आणि त्यांपैकी किती जण गेल्या छाटणीलाही आले होते, एवढे दोन रकाने त्या वहीत ठेवले तर पडद्यावरच्या आकड्याची पारख करता येते. वाहिनी बंद करण्याचा अथवा चालू ठेवण्याचा प्रश्न सभेपुढे येईल, त्या दिवशी हे दोन्ही हजेरीपट शेजारी शेजारी मांडलेले असावेत.