उद्घाटनापूर्वीचा खर्च : डायलिसिस विभागाचा अनुभव
(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले निवेदन)



आपल्या डायलिसिस विभागाचे पहिले अंदाजपत्रक मीच तयार केले होते, आणि ते अपुरे होते, हे प्रथम नमूद करतो. पाच यंत्रांचे ३५ लाख व जलशुद्धीकरण संयंत्राचे ६ लाख, असे ४१ लाख रुपये देणग्यांतून जमले. तेवढ्यावर विभाग सुरू होईल, असे आम्ही गृहीत धरले.

प्रत्यक्षात वाढीव वीजभार व ऑक्सिजन सिलिंडर यांच्या अनामतीपोटी २ लाख भरावे लागले. अनामत हा खर्च नव्हे. ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूस दिसते. म्हणूनच खर्चाच्या यादीतून ती सुटली. परंतु रोख रक्कम मात्र अडकून पडली. शुद्ध पाण्याची स्वतंत्र नळजोडणी, सांडपाण्याचा निचरा व जनित्राची जोडणी यांस आणखी ८ लाख लागले.

चाचणीचा काळ सर्वाधिक महत्त्वाचा ठरला. एका डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तालगत, केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहते. त्यामुळे पाण्याचा रासायनिक व जंतुविषयक अहवाल समाधानकारक आल्याविना रुग्ण घेता येत नाही. या महिन्यासाठी वेतनाचे २ लाख आणि तपासण्या व साहित्याचा १ लाख आवश्यक होता. आमचा पहिला जंतुअहवाल सदोष आला. नळांचे निर्जंतुकीकरण करून पुन्हा नमुने पाठविण्यात तीन आठवडे गेले व वेतनाचे दीड लाख वाढले. यंत्रांसाठी दिलेली देणगी दात्याच्या संमतीविना वेतनाकडे वळविता येत नाही. म्हणून मुदतठेव मोडावी लागली.

उद्घाटनानंतरही शासकीय योजनेतील देयकांची रक्कम तिसऱ्या महिन्यात हाती आली. तोवर दरमहा ४ लाखांप्रमाणे ८ लाख आपणच उभे केले. अशा रीतीने ४१ लाखांची खरी गरज ६२ लाखांची होती, आणि विलंब धरता साडेत्रेसष्ट लाखांची.

आता नव्या विभागाचे अंदाजपत्रक आम्ही महिनावार मांडतो. प्रत्येक महिन्याची जमा व नावे लिहून शिल्लक काढतो. ज्या महिन्यात तूट सर्वाधिक खोल जाते, तेवढी रोख हाती असल्याविना उद्घाटनाची तारीख ठरवीत नाही. चाचणीचा पहिला प्रयत्न फसेल, असे धरून एका वाढीव महिन्याचे वेतनही त्यात घेतो.

देणगीदारांना एकच विनंती आहे. आपणांसमोर केवळ यंत्रांच्या किमतीची यादी आली, तर अनामत, जोडणी, चाचणी आणि पहिली वसुली येईपर्यंतचा खर्च कोठे दाखविला आहे, हे अवश्य विचारावे.