पैसे गेलेले नसतात, अडकलेले असतात

मुलाकडे अमेरिकेत गेलेले आईवडील तिथल्या पेट्रोलपंपावर 40 डॉलरचं पेट्रोल भरतात आणि थोड्या वेळात मोबाइलवर मेसेज येतो 175 डॉलरचा. घरात एकच गोंधळ. बँकेला फोन लागतो, पंपवाल्याचा उद्धार होतो. खरं तर त्या पंपवाल्याला 40च डॉलर मिळणार असतात.

आपल्याकडे पंपावरचा माणूस आधी पेट्रोल भरतो आणि मग मशीन पुढे करतो, त्यामुळे बिलाचा आकडा दोघांनाही माहीत असतो. अमेरिकेत कार्ड आधी पंपालाच लावायचं आणि पेट्रोल आपलं आपण भरायचं. कार्ड लावलं त्या क्षणी गाडीत किती पेट्रोल जाणार हे पंपाला ठाऊक नसतं, आणि भरून झाल्यावर गाडी निघून गेली तर पैसे मागायचे कुणाकडे? म्हणून नळी सुरू होण्याआधीच पंप बँकेला विचारतो, या कार्डावर एवढी रक्कम आहे का? असेल तर ती बाजूला ठेवा. काही पंप नुसता 1 डॉलर विचारून कार्ड चालू असल्याची खात्री करतात, काही मोठी रक्कम धरतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी अशा धरायच्या रकमेची कमाल मर्यादा 2022 मध्ये इंधन महागल्यावर 125 वरून 175 डॉलर केली. नळी परत जागेवर ठेवली की खरा आकडा बँकेकडे जातो. बाकीची रक्कम काही बँका लगेच मोकळी करतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात.

हॉटेलातही हेच घडतं, फक्त दिवस जास्त असतात. शेअर बाजारातल्या मंडळींना हे पटकन समजेल. आयपीओचा अर्ज भरला की रक्कम खात्यातच राहते, पण वापरता येत नाही, तसंच हे. याला प्री-ऑथोरायझेशन म्हणतात, काउंटरवरची मुलं नुसतं ‘प्री-ऑथ’ म्हणतात.

एक हिशोब मांडू. तीन रात्रींचं भाडं, कर धरून, 13,500 रुपये. जेवण, कपडे धुणं, खोलीत काही मोडलं तर, असं म्हणून हॉटेल आणखी 4,500 धरतं. तुमच्या डेबिट कार्डाच्या खात्यात 25,000 आहेत. चेक-इनला 18,000 अडकले, वापरायला उरले 7,000. निघताना बिल झालं 14,700. आता काउंटरवर दोन गोष्टी होऊ शकतात. माणूस जाणकार असेल तर तो मशीनवर आधीचाच व्यवहार उघडतो, त्याच मंजुरी क्रमांकावर 14,700 पूर्ण करतो, आणि उरलेले 3,300 सुटतात. घाईतला किंवा नवखा असेल तर नवं बिल टाकून सरळ कार्ड पुन्हा लावायला सांगतो. खात्यात वापरायला 7,000च असल्यामुळे मशीन नकार देतं आणि मागच्या रांगेसमोर आपलीच मान खाली जाते. क्रेडिट कार्डाची मर्यादा मोठी असेल तर नवा व्यवहार बिनबोभाट होतो, पण मग 18,000 आणि 14,700 असे 32,700 काही दिवस मर्यादेतून वजा दिसतात. बहुतेक वेळा ‘हॉटेलने दोनदा पैसे कापले’ ही तक्रार इथेच जन्मते.

दोनदा कापले की अडकले, हे ओळखायचं कसं? मोबाइलवरचा मेसेज बघून कळत नाही, कारण तो बऱ्याचदा खर्चाच्या मेसेजसारखाच असतो. बँकेच्या अॅपमध्ये व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर तो अजून पक्का झालेला नाही. क्रेडिट कार्डावर अशा अडकलेल्या रकमेला व्याजही लागत नाही. आणि ती सुटते तेव्हा ‘जमा’ अशी नोंद शोधत बसू नका. मुळात पैसे गेलेलेच नसतात, तर परत कुठून येणार? तेवढी शिल्लक पुन्हा वापरायला दिसू लागते, बस.

माझ्या मते प्रथा रास्त आहे, ती न सांगता वापरणं रास्त नाही. किती रक्कम धरणार, हे चेक-इनलाच सांगायला हॉटेलला जड जाऊ नये.

तेव्हा एवढं करा. हॉटेलात डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड द्या. परदेशात प्रीपेड फॉरेक्स कार्ड पंपाला लावू नका. आत जाऊन गल्ल्यावर ‘40 डॉलरचं द्या’ म्हणून आधीच पैसे भरा, म्हणजे 40च कापले जातात. प्री-ऑथची पावती जपून ठेवा, तिच्यावर मंजुरी क्रमांक असतो. बिल रोख किंवा यूपीआयने दिलंत, तर जुनं प्री-ऑथ तुमच्यासमोर रद्द करून घ्या आणि रद्द केल्याची पावती मागा. एवढं करूनही रक्कम अडकून राहिली, तर बँकेला तारीख, रक्कम आणि तो मंजुरी क्रमांक सांगा.